टॅग न टाकता एक्स्चेंजला पाठवलेले एक्सआरपी खात्यात कसे आणायचे

तुमच्या वॉलेटमध्ये ‘पाठवले’ असं दिसतंय, रक्कम वजाही झाली आहे, पण एक्स्चेंजच्या ॲपमध्ये शिल्लक जिथल्या तिथेच आहे. पत्ता दहा वेळा पडताळून पाहिला, तो बरोबर आहे. मग लक्षात येतं की पत्त्याखाली ‘डेस्टिनेशन टॅग’ नावाचा आणखी एक रकाना होता आणि तो रिकामाच राहिला. अशा वेळी पहिले दोन-तीन तास फार महत्त्वाचे असतात, कारण घाबरून माणूस जे करतो त्यानेच पुढचं काम अवघड होतं.

माझ्या वहिनीचं वडोदऱ्यात रावपुऱ्यात वह्या-पुस्तकांचं दुकान आहे. तिने आपल्या मोबाइलमधल्या वॉलेटमधून एक्सआरपी या क्रिप्टो चलनाची २४० नाणी एका भारतीय क्रिप्टो एक्स्चेंजवरच्या स्वतःच्या खात्यात पाठवली, आणि टॅग राहिला. पुढचा सगळा पत्रव्यवहार आम्ही दोघांनी बसून केला. तीच वाट इथे क्रमाने लिहितो आहे. पाठवताना वॉलेट तुमचं स्वतःचं होतं आणि नाणं एक्सआरपी होतं, असं धरून चालतो. बाकीच्या नाण्यांबद्दल जिथे फरक पडतो तिथे सांगेन.

## १. आधी समजून घ्या: पैसे नेमके कुठे आहेत?

एक्सआरपी लेजरवर, म्हणजे या नाण्याचे सगळे व्यवहार नोंदणाऱ्या सार्वजनिक वहीत, नवा पत्ता सुरू करायचा तर त्यात किमान १ एक्सआरपी राखीव ठेवावा लागतो. डिसेंबर २०२४ च्या आधी ही रक्कम १० होती. लाखो ग्राहकांसाठी लाखो पत्ते उघडले तर तेवढे एक्सआरपी नुसते अडकून पडतील. म्हणून एक्स्चेंज सगळ्या ग्राहकांना एकच पत्ता देतं, आणि कुठले पैसे कुणाचे हे ओळखायला प्रत्येकाला वेगळा टॅग देतं. टॅग म्हणजे ० ते ४२९४९६७२९५ मधला एक आकडा. मोठ्या सोसायटीच्या पत्त्यावर फ्लॅट नंबर न लिहिता पाकीट टाकलं तर ते गेटवर पोचतं, पण दारात येत नाही. इथे तसंच झालेलं असतं.

म्हणजे तुमचे एक्सआरपी हरवलेले नाहीत. ते एक्स्चेंजच्या ताब्यातल्या पत्त्यावर पोचले आहेत, फक्त त्यांच्या वहीत तुमच्या नावावर चढलेले नाहीत. हे काम लेजरवर होणार नाही, तिथला व्यवहार कुणालाच मागे फिरवता येत नाही. ते एक्स्चेंजच्या माणसानेच हाताने करायचं असतं, आणि त्यासाठी ‘पाठवणारा मीच’ हे तुम्हाला त्याला पटवून द्यायचं आहे. पुढची प्रत्येक पायरी त्यासाठीच आहे.

वॉलेटने रिकामा रकाना चालवून कसा घेतला, हा प्रश्न वहिनीने लगेच विचारला होता. दोन माणसांच्या खाजगी वॉलेटमध्ये देवाणघेवाण होते तेव्हा टॅग लागत नाही, म्हणून वॉलेटमध्ये तो रकाना ऐच्छिक असतो. शिवाय बऱ्याच एक्स्चेंजच्या पानावर पत्त्याचा क्यूआर वेगळा आणि टॅगचा वेगळा असतो. पहिला स्कॅन केला की पत्ता आपोआप भरतो, आणि सगळं झालं असं वाटतं.

## २. लेजरवरची नोंद उघडा

वॉलेटमध्ये त्या व्यवहारावर बोट ठेवलं की ६४ अक्षरांचा हॅश, म्हणजे त्या व्यवहाराची ओळखखूण, मिळतो. तो कॉपी करून `xrpscan.com` किंवा `bithomp.com` वर शोधा. लॉगिन लागत नाही. कच्ची नोंद उघडली तर साधारण असं दिसतं:

```
"TransactionType": "Payment",
"Account": "r...",
"Destination": "r...",
"Amount": "240000000",
"Fee": "12"
```

`Account` हा तुमचा पत्ता, `Destination` हा एक्स्चेंजचा. रक्कम ‘ड्रॉप’मध्ये लिहिलेली असते. दहा लाख ड्रॉप म्हणजे १ एक्सआरपी, म्हणून वरचे चोवीस कोटी म्हणजे २४०. टॅग भरला असता तर याच यादीत `"DestinationTag": 104587213` अशी आणखी एक ओळ आली असती. ती नाही, हाच दोष.

आता निकालाची ओळ बघा. तिथे `tesSUCCESS` असेल तर रक्कम पोचली आहे आणि हा लेख तुमच्याचसाठी आहे. तिथे `tecDST_TAG_NEEDED` असेल तर निश्चिंत व्हा. त्या एक्स्चेंजने टॅगशिवाय काही स्वीकारायचंच नाही अशी सोय आपल्या पत्त्यावर लावून ठेवली आहे. तुमचं नाममात्र शुल्क गेलं, रक्कम वॉलेटमध्येच आहे. टॅग टाकून पुन्हा पाठवा. ही सोय सगळ्याच एक्स्चेंजनी लावली असती तर पुढची दगदग कुणालाच करावी लागली नसती.

इथे दोन गोष्टी नीट तपासा, कारण त्यावरून तक्रारीचा प्रकार बदलतो.

`Destination` मधला पत्ता एक्स्चेंजच्या जमा पानावरच्या पत्त्याशी पहिल्यापासून शेवटच्या अक्षरापर्यंत जुळवा. नुसती पहिली-शेवटची चार अक्षरं बघू नका. पत्ताच वेगळा निघाला तर ही टॅगची तक्रार नाही, आणि एक्स्चेंज त्यात काही करू शकणार नाही.

दुसरं, टॅगची ओळ आहे पण आकडा चुकलेला आहे का ते बघा. तो आकडा कुणा दुसऱ्या ग्राहकाचा असेल तर रक्कम आपोआप त्याच्या खात्यात चढलेली असू शकते. मग प्रकरण जास्त लांबतं, कारण एक्स्चेंजला त्या ग्राहकालाही गाठावं लागतं. अशा वेळी तक्रार त्याच दिवशी करा, समोरच्याने ती रक्कम काढण्याच्या आत.

आणखी एक प्रकार बऱ्याचदा दिसतो. एक्सआरपीच्या व्यवहारात ‘मेमो’ नावाचाही एक स्वतंत्र रकाना असतो. काहीजण टॅगचा आकडा त्या मेमोत लिहितात. एक्स्चेंजची यंत्रणा मेमो वाचत नाही, त्यामुळे जमा होत नाही. पण तुमच्या बाबतीत असं झालं असेल तर ते तक्रारीत जरूर लिहा. तुमचा टॅग त्याच व्यवहारात लेजरवर नोंदलेला आहे, याहून चांगला पुरावा मिळणार नाही.

## ३. पाठवणाऱ्या वॉलेटला हात लावू नका

ही पायरी सगळ्यात जास्त लोक चुकतात. रक्कम गेली, आता या वॉलेटचं काय काम, असं म्हणून ॲप काढून टाकतात, किंवा मोबाइल बदलतात, किंवा उरलेले एक्सआरपीही दुसरीकडे हलवतात. पुढे एक्स्चेंज तुम्हाला त्याच पत्त्यावरून एक छोटी रक्कम पाठवून दाखवायला सांगण्याची दाट शक्यता असते. ॲप गेलं आणि गुप्त किल्लीही लिहून ठेवलेली नसेल तर ते जमणार नाही, आणि पत्ता तुमचा आहे हे सिद्ध करायचा सगळ्यात सोपा रस्ता बंद होतो.

राखीव १ एक्सआरपी पाठवता येत नाही. त्यामुळे वॉलेटमध्ये त्याच्यावर थोडी शिल्लक हवी. वहिनीच्या वॉलेटमध्ये ६ एक्सआरपी उरले होते, ते पुरेसे झाले. तुमच्याकडे नेमका राखीवच उरला असेल तर दुसरीकडून दोन-तीन एक्सआरपी त्या पत्त्यावर मागवून ठेवा. वॉलेटमध्ये ‘अकाउंट डिलीट’ असा पर्याय असेल तर तो अजिबात वापरू नका.

लगेच टॅग टाकून दुसरी रक्कम पाठवली की पहिलीही तिच्यामागोमाग चढेल, असं काहीजण सांगतात. तसं होत नाही. प्रत्येक व्यवहार स्वतंत्र असतो. दुसरी रक्कम जमा होईल, पहिली तिथेच राहील.

## ४. कागदपत्रं जमवा

तक्रार लिहायला बसण्याआधी हे सगळं एका फोल्डरमध्ये ठेवा:

- व्यवहाराचा पूर्ण हॅश. टाइप करू नका, कॉपीच करा.
- पाठवणारा पत्ता, एक्स्चेंजचा पत्ता आणि तुमच्या खात्याला नेमून दिलेला टॅग, तिन्ही मजकुराच्या रूपात.
- रक्कम आणि वेळ.
- वॉलेटमधल्या त्या व्यवहाराचा स्क्रीनशॉट, ज्यात पाठवणारा पत्ता दिसतो.
- एक्स्चेंजच्या जमा पानाचा स्क्रीनशॉट, ज्यात पत्ता आणि तुमचा टॅग दोन्ही दिसतात.
- एक्स्चेंज खात्याचा नोंदणीकृत ईमेल आणि मोबाइल. केवायसी पूर्ण असायला हवी. ती अर्धवट असेल तर आधी ती उरकून घ्या.

वेळेबद्दल एक बारीक गोष्ट सांगतो, कारण आमची तक्रार सुरुवातीला त्यामुळेच अडली. लेजर दाखवणाऱ्या संकेतस्थळांवर बहुधा यूटीसी वेळ असते, जी आपल्या घड्याळाच्या साडेपाच तास मागे चालते. वहिनीने रात्री ९ वाजून ४२ मिनिटांनी पाठवलं होतं, नोंदीत १६:१२ दिसत होतं. तक्रारीत एक वेळ आणि स्क्रीनशॉटवर दुसरी, म्हणून मदत विभागाने ‘तपशील जुळत नाही’ असं कळवलं. तुम्ही दोन्ही वेळा लिहा आणि कुठली भारतीय, कुठली यूटीसी ते स्पष्ट करा.

## ५. तक्रार नोंदवा

एक्स्चेंजच्या ॲपमध्ये किंवा तुम्ही रोज वापरता त्याच संकेतस्थळावर मदत विभाग उघडा. विषयांच्या यादीत ‘जमा झालं नाही’ याच्या खाली बऱ्याचदा टॅग किंवा मेमो राहिल्याचा वेगळा अर्ज असतो. तो असेल तर तोच भरा. तिथे हॅश टाकला की त्यांची यंत्रणा व्यवहार स्वतःच शोधते, आणि तक्रार थेट योग्य माणसाकडे जाते. सर्वसाधारण चॅटमध्ये लिहिलं तर ‘नेटवर्कवर गर्दी आहे, वाट पाहा’ असं ठरावीक उत्तर येतं. एक्सआरपीचा व्यवहार काही सेकंदांत पक्का होतो, त्यामुळे `tesSUCCESS` दिसत असताना हे उत्तर लागूच पडत नाही. तसं नम्रपणे लिहून कळवा.

मजकूर छोटा ठेवा. राग, आर्थिक अडचण, किती वर्षांचे ग्राहक आहात, हे सगळं बाजूला ठेवा. वहिनीच्या तक्रारीचा गाभा असा होता:

‘मी माझ्या स्वतःच्या वॉलेटमधून आपल्या एक्सआरपी पत्त्यावर २४० एक्सआरपी पाठवले. डेस्टिनेशन टॅग भरायचा राहिला. लेजरवर व्यवहार यशस्वी आहे आणि रक्कम आपल्या पत्त्यावर पोचलेली आहे. माझ्या खात्याचा टॅग खाली दिला आहे. रक्कम माझ्या खात्यात जमा करावी. पाठवणाऱ्या पत्त्यावर माझा ताबा आहे, आणि मागाल त्या पद्धतीने तो सिद्ध करायला मी तयार आहे.’

खाली हॅश, दोन्ही पत्ते, टॅग, रक्कम आणि वेळ, प्रत्येक गोष्ट नव्या ओळीवर. शेवटचं वाक्य महत्त्वाचं आहे. ते वाचून समोरचा थेट पुराव्याच्या पायरीवर येतो, आणि मधली दोन-तीन पत्रं टळतात.

एका व्यवहारासाठी एकच तक्रार करा. रोज नवी तक्रार केली तर प्रत्येक नव्या माणसाला सगळं पहिल्यापासून वाचावं लागतं. नवं काही सांगायचं असेल तर त्याच क्रमांकावर उत्तर द्या.

## ६. तोतया मदतनिसांपासून सावध राहा

अडचण समाजमाध्यमांवर उघड लिहिली की काही मिनिटांत ‘एक्स्चेंजचा अधिकारी’ म्हणून कुणीतरी संदेश करतो. वहिनीला तर थेट फोन आला, तोही छान गुजरातीत. दुकानात गिऱ्हाईक उभं होतं, आणि हा माणूस म्हणत होता की ‘वॉलेट सिंक’ करायचं आहे, आठ ओळींमधले आकडे वाचून दाखवा. तिने फोन ठेवला, म्हणून वॉलेट वाचलं.

काही एक्सआरपी वॉलेटमध्ये गुप्त किल्ली सहा-सहा आकड्यांच्या आठ ओळींत असते, काहींत बारा किंवा चोवीस शब्दांत, काहींत `s` ने सुरू होणाऱ्या अक्षरमालेत. कुठल्याही रूपात ती मागणारा माणूस चोर आहे. टॅगच्या तक्रारीत एक्स्चेंजला तिचा काडीचाही उपयोग नसतो, कारण रक्कम त्यांच्याच पत्त्यावर आहे. स्क्रीन शेअर करणारं ॲप टाकायला सांगितलं, किंवा ‘रक्कम सोडवण्यासाठी’ आधी शुल्क दुसऱ्या पत्त्यावर पाठवायला सांगितलं, तरी तेच समजा. कुणी फसवलंच तर ताबडतोब १९३० वर फोन करा आणि `cybercrime.gov.in` वर तक्रार नोंदवा. एक्स्चेंजचा मदत क्रमांक गूगलवर शोधू नका.

## ७. पुरावा द्या

एक्स्चेंज साधारण तीन प्रकारचे पुरावे मागतं. कुठला मागायचा ते त्यांच्या नियमांवर आणि रकमेवर ठरतं.

पहिला, छोटी ठरावीक रक्कम पाठवून दाखवणं. ते एक विचित्र आकडा देतात. वहिनीला ०.३७ एक्सआरपी पाठवायला सांगितलं, त्याच वॉलेटमधून, या वेळी टॅगसह. ती रक्कम नेहमीसारखी तिच्या खात्यात चढली. २४० पाठवणारा पत्ता आणि ०.३७ पाठवणारा पत्ता एकच, आणि ०.३७ हा आकडा फक्त तिलाच माहीत होता. त्यामुळे पत्ता तिच्याच ताब्यात आहे हे शंकेला जागा न ठेवता सिद्ध झालं. आकडा तंतोतंत पाठवा. ‘थोडे जास्त पाठवले तर काय बिघडलं’ असं करू नका, पडताळणी पुन्हा पहिल्यापासून होते.

दुसरा, व्हिडिओ. वॉलेट उघडा, व्यवहाराची नोंद दाखवा, हॅश आणि पत्ता वाचता येतील इतका वेळ कॅमेरा स्थिर धरा, मग एक्स्चेंजच्या ॲपमध्ये आपलं खातं उघडून दाखवा. मध्ये कट नको. मोबाइलमध्येच स्क्रीन रेकॉर्ड करत असाल तर गुप्त किल्लीचं पान चुकूनही उघडू नका.

तिसरा, वॉलेट माझंच आहे आणि पैसे माझेच आहेत असं सहीचं घोषणापत्र, सोबत ओळखपत्र. हे फाजील वाटतं, पण त्याला कारण आहे. ७ मार्च २०२३ पासून भारतात क्रिप्टो एक्स्चेंज मनी लाँडरिंगविरोधी कायद्याखाली आली आहेत. आलेली रक्कम कुणाची हे त्यांना विचारावंच लागतं. मुलाने किंवा मित्राने पाठवले असतील तर ‘माझं वॉलेट’ असं लिहू नका. खरं नातं लिहा आणि पाठवणाऱ्याकडून त्याचा पुरावा घ्या.

एका एक्स्चेंजवरून दुसऱ्या एक्स्चेंजवर पाठवले असतील तर पहिला पुरावा देता येत नाही. तिथला पाठवणारा पत्ता एक्स्चेंजचा असतो, त्यावरून हजारो लोकांचे पैसे बाहेर जातात. अशा वेळी पाठवणाऱ्या एक्स्चेंजवरच्या तुमच्या ‘विड्रॉवल हिस्टरी’चा स्क्रीनशॉट द्या. त्यात तुमचं नाव किंवा ईमेल आणि तोच हॅश एकाच पानावर दिसायला हवा. तिथून आलेला ‘रक्कम पाठवली’ असा ईमेलही जोडा.

## ८. शुल्क आणि मुदत

ही सेवा बऱ्याच ठिकाणी फुकट नसते. शुल्क बहुधा मिळणाऱ्या रकमेतून कापलं जातं. वहिनीचे १० एक्सआरपी कापून २३० जमा झाले. ठरावीक रकमेच्या खालचं काम काही एक्स्चेंज हातातच घेत नाहीत, कारण त्यांच्या माणसाचा वेळ त्याहून महाग पडतो. म्हणून पाच-दहा एक्सआरपींसाठी तक्रार करण्याआधी त्यांच्या मदत पानावरची किमान मर्यादा वाचा.

काही दिवसांपासून काही आठवड्यांपर्यंत कितीही वेळ लागू शकतो. तेवढ्यात भाव वर-खाली होतो. परत मिळतं ते नाण्यांच्या संख्येत, पाठवल्या दिवशीच्या रुपयांत नाही. दिवाळीचा माल भरायचा, फी भरायची, असा खर्च या रकमेवर अवलंबून असेल तर त्याची सोय दुसरीकडे करून ठेवा.

त्यांनीच सांगितलेली मुदत उलटून गेली तर तक्रार क्रमांक घेऊन एक्स्चेंजच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला ईमेल करा. त्याचा पत्ता बहुतेक ठिकाणी संकेतस्थळाच्या तळाशी किंवा अटींच्या पानावर असतो. ईमेलमध्ये फक्त तारखांचा क्रम लिहा: कधी पाठवलं, कधी तक्रार, कधी पुरावा दिला, शेवटचं उत्तर कधी आलं. आमचं घोडं पुराव्यानंतर बराच काळ अडलं होतं, ते याच ईमेलनंतर हललं.

## ९. पुढच्या वेळी पाठवताना

आधी छोटी रक्कम पाठवा, पण ती एक्स्चेंजच्या किमान जमा मर्यादेपेक्षा जास्त असू द्या. त्याहून कमी पाठवली तर टॅग बरोबर असूनही ती चढत नाही, आणि आपण उगाच टॅगला दोष देत बसतो. ती जमा झालेली दिसली की वॉलेटच्या इतिहासातून पत्ता आणि टॅग तेच ठेवून उरलेली पाठवा. एक्सआरपीवर शुल्क एका पैशाहूनही कमी असतं, त्यामुळे दोनदा पाठवणं परवडतं.

हाच टॅग नाव बदलून इतर नाण्यांतही येतो. स्टेलर आणि कॉसमॉसमध्ये त्याला मेमो म्हणतात, टॉनच्या वॉलेटमध्ये तो कॉमेंट म्हणून दिसतो. स्टेलरमध्ये आणखी एक खाच आहे. तिथे मेमोचे प्रकार असतात, साधा मजकूर वेगळा आणि आयडी म्हणजे आकडा वेगळा. एक्स्चेंजने आयडी मागितला असेल आणि तुम्ही तोच आकडा मजकूर म्हणून टाकलात, तर तो दिसायला बरोबर असूनही जमा अडकू शकतं. पाठवण्याआधी वॉलेटमध्ये मेमोचा प्रकार कुठला निवडला आहे ते बघा. बिटकॉइन किंवा इथेरियमला मात्र असा रकाना लागत नाही, कारण तिथे एक्स्चेंज प्रत्येक ग्राहकाला वेगळा पत्ता देतं. वहिनीला त्याचीच सवय होती, म्हणून टॅगचा रकाना तिच्या नजरेतून सुटला.